पहिला मजला नेमका कुठला? लिफ्ट, एलिव्हेटर आणि दोन इंग्रजींची गोष्ट

ज्यांना ऐकायला वेळ मिळाला नाही किंवा लोकलच्या गर्दीत अर्धं ऐकू आलं नाही, त्यांच्यासाठी हा या भागाचा लिखित मजकूर. बोलताना जसं बोललो तसंच बरंचसं ठेवलंय.

आजची गोष्ट माझ्या मावशीच्या घरापासून सुरू होते. मावशी नाशिकला राहते. मुलं बाहेरगावी गेली, एक खोली रिकामी पडली, म्हणून तिने ती पाहुण्यांना द्यायला सुरुवात केली. होमस्टे म्हणतात ना, तसं. येणाऱ्यांत द्राक्षमळे बघायला आलेले परदेशी पाहुणेही असतात. मावशी मला म्हणाली, "तुझं इंग्रजी बरं आहे, पाहुण्यांना पाठवायची चिठ्ठी तू लिहून दे." मी दिली. त्यातल्या एका वाक्याचा अर्थ साधारण असा होता: किल्ली गेटजवळच्या छोट्या डब्यात आहे, लिफ्ट मागच्या बाजूला आहे, फर्स्ट फ्लोअरवर उजवीकडचं पहिलं दार आपलं, रात्री उशीर झाला तर बेल न वाजवता सरळ आत या.

एका रात्री साडेअकराला अमेरिकेहून आलेलं एक जोडपं पोचलं. त्यांनी डब्यातून किल्ली घेतली, समोरच्या पायऱ्या चढून आत आले आणि उजवीकडच्या पहिल्या दाराला किल्ली लावून फिरवायला लागले. ते दार तळमजल्यावरचं होतं. तिथे एक आजोबा एकटे राहतात. रात्री साडेअकराला कोणीतरी आपलं कुलूप खटखट करतंय म्हटल्यावर त्यांनी काय केलं असेल? वॉचमनला फोन केला, आतून कडी लावली आणि काठी घेऊन दाराशी उभे राहिले. वॉचमन धावत आला, मावशी वरून गाऊनवर शाल गुंडाळून खाली आली, आणि ते बिचारे दोघे हात वर करून उभे. आजोबांचं ब्लडप्रेशर दोन दिवस खाली यायला तयार नव्हतं.

मावशीने मला सकाळी सात वाजता फोन केला. त्या फोनबद्दल जास्त बोलत नाही.

आता माझी गंमत बघा. मी लगेच चिठ्ठी उघडली आणि म्हटलं, अरे, हे अमेरिकन लोक, यांना लिफ्ट कसं कळणार! त्यांच्याकडे एलिव्हेटर म्हणतात. मी लिफ्ट खोडलं, एलिव्हेटर लिहिलं, आणि खूश झालो. महिन्याभराने आणखी एक अमेरिकन बाई आल्या आणि त्याही आजोबांच्याच दाराशी! दिवसाची वेळ होती म्हणून निभावलं. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी निरुपद्रवी शब्द बदलला होता आणि घोटाळा करणारा तसाच ठेवला होता.

घोटाळा लिफ्टचा नव्हता. घोटाळा फर्स्ट फ्लोअरचा होता.

ब्रिटनमध्ये रस्त्याच्या पातळीवर असतो तो ग्राउंड फ्लोअर, आणि त्याच्या वरचा फर्स्ट. आपण मराठीत अगदी तसंच मोजतो: तळमजला, मग पहिला मजला. अमेरिकेत मात्र रस्त्यावरून आत पाऊल टाकलं की तुम्ही फर्स्ट फ्लोअरवरच असता, आणि त्याच्या वरचा सेकंड. म्हणजे त्या जोडप्याने माझी चिठ्ठी बरोबर वाचली होती. त्यांच्या इंग्रजीत ते फर्स्ट फ्लोअरवरच उभे होते.

इथून मी या विषयाच्या मागे लागलो, आणि मला कळलं की ब्रिटिश आणि अमेरिकन शब्दांच्या जोड्या आपण शाळेत जशा एका तक्त्यात पाठ करतो, तशा त्या एका जातीच्या नाहीतच. त्या दोन जातींच्या आहेत. एका जातीत दोन देशांनी एकाच वस्तूला दोन नावं दिली. दुसऱ्या जातीत दोन देशांनी एकच नाव दोन वेगळ्या वस्तूंना दिलं. पहिली जात दिसायला परकी, पण सहसा नुकसान करत नाही. दुसरी जात ओळखीची दिसते आणि तीच आजोबांच्या दाराशी नेऊन सोडते. आज दोन्हींचा इतिहास एकेका उदाहरणातून बघू.

पहिलं उदाहरण लिफ्ट आणि एलिव्हेटरचं.

अमेरिका १७७६ मध्ये इंग्लंडपासून स्वतंत्र झाली. म्हणजे त्यानंतर जी जी यंत्रं आली, त्यांना नाव देताना दोन्ही देश एकमेकांना विचारायला बांधील नव्हते. एलिव्हेटर हा शब्द अमेरिकेत आधी माणसांसाठी नव्हताच, तो धान्यासाठी होता. ऑलिव्हर इव्हान्स नावाच्या अमेरिकन संशोधकाने १७८० च्या दशकात आपोआप चालणारी पिठाची गिरणी बनवली. तिच्यात पट्ट्यावर छोट्या छोट्या बादल्या लावलेल्या असायच्या आणि त्या धान्य वर उचलून न्यायच्या. त्या यंत्राचं नाव एलिव्हेटर. पुढे १८४२ मध्ये बफेलो शहरात जोसेफ डार्टने वाफेवर चालणारं धान्याचं कोठार उभं केलं. जहाजातून धान्य उचलून उंच कोठारात भरायचं, आणि अशा सगळ्या इमारतीलाच ग्रेन एलिव्हेटर म्हणायला लागले. अमेरिकेच्या गहू पिकवणाऱ्या भागात आजही त्या उंच कोठारांना हेच नाव आहे.

मग आला एलिशा ओटिस. दोराने माणसं वर नेणं अवघड नव्हतं. भीती एकच होती: दोर तुटला तर? ओटिसने असा ब्रेक बनवला की दोराचा ताण गेला की लगेच दोन बाजूंचे दाते अडकतील आणि पाळणा जागीच थांबेल. १८५४ मध्ये न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात तो स्वतः पाळण्यावर उंच उभा राहिला आणि सगळ्यांसमोर दोर कापायला लावला. पाळणा थोडासा खाली आला आणि थांबला. १८५७ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर हॉवआउट नावाच्या पाच मजली दुकानात त्याच्या कंपनीने गिऱ्हाइकांसाठी असं यंत्र बसवलं. वर उचलणाऱ्या यंत्राला अमेरिकेत एलिव्हेटर हे नाव आधीच होतं, तेच माणसांच्या यंत्राला चिकटलं.

इंग्लंडमध्ये त्याच काळात सामान वर खेचणाऱ्या यंत्राला साधा, रोजच्या वापरातला शब्द होता: लिफ्ट, म्हणजे उचलणं. तो तिथे चिकटला. कोणी कोणाचा शब्द बिघडवला नाही. दोघांनी आपापल्या हाताशी असलेला शब्द उचलला, एवढंच.

मग आपल्याकडे लिफ्ट का? कारण सरळ आहे, यंत्र ज्यांच्यासोबत आलं त्यांचा शब्द आला. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी गेली. तिच्यासोबत रेल्वेचे जे शब्द मराठीत आले ते ब्रिटिश होते. रुळांखालच्या आडव्या लाकडी ठोकळ्याला आपण स्लीपर म्हणतो, अमेरिकन माणूस टाय म्हणतो. गाडीच्या शेवटच्या डब्यातल्या माणसाला आपण गार्ड म्हणतो, तो कंडक्टर म्हणतो. आपला कंडक्टर बसमध्ये तिकीट फाडतो! मोटारीत पेट्रोल, बोनेट, डिकी, टॉर्च, सगळं ब्रिटिश घराण्यातलं. आपल्या कानाला त्यामुळे ब्रिटिश शब्दच "बरोबर" वाटतात. पण हातातला मोबाईल बघा. तिथे टॉर्चला फ्लॅशलाइट म्हणतात, पिनकोडच्या जागी झिपकोड मागतात, आणि नको असलेली फाईल ट्रॅशमध्ये जाते. आपलं बोलणं ब्रिटिश आणि आपला फोन अमेरिकन, म्हणून लिहिताना आपण दोन्हींची भेळ करतो.

ही पहिली जात झाली. लिफ्ट लिहिलंत तरी बहुतेक अमेरिकन माणसांना संदर्भाने कळतं, एलिव्हेटर लिहिलंत तर ब्रिटिश माणसाला हमखास कळतं. फार तर वाचणाऱ्याला वाटेल, हा आपल्याकडचा नाही. चुकीच्या दाराशी कोणी जात नाही.

आता दुसरी जात. तिचं उदाहरण आपल्या चहाच्या कपाशेजारीच असतं: बिस्कीट.

हा शब्द फ्रेंचमधून इंग्रजीत आला. मुळात त्याचा अर्थ दोनदा भाजलेलं. एकदा भाजून झालं की पुन्हा भाजून सगळं पाणी उडवायचं, म्हणजे महिनोन्महिने टिकतं. जहाजावरच्या खलाशांना हेच मिळायचं, दगडासारखं कडक. पुढे इंग्लंडमध्ये त्यात साखर, लोणी आलं आणि चहासोबतचं गोड, कुरकुरीत बिस्कीट तयार झालं. आपल्याकडे आलं ते हे.

अमेरिकेत काय झालं? न्यूयॉर्क हे इंग्रजांनी वसवलेलं शहर नव्हे. तिथे आधी डच वसाहत होती, नाव न्यू ॲमस्टरडॅम. १६६४ मध्ये इंग्रजांनी ती घेतली आणि नाव बदललं, पण डच माणसं तिथेच राहिली आणि त्यांची स्वयंपाकघरंही. डच भाषेत केकला कूक म्हणतात आणि छोट्या केकला कूक्ये. त्याचं झालं कुकी. १७९६ मध्ये अमेलिया सिमन्स या बाईंचं पाककृतींचं पुस्तक छापलं गेलं. अमेरिकन व्यक्तीने लिहिलेलं, अमेरिकेत छापलेलं ते पहिलं पाककृतींचं पुस्तक मानलं जातं. त्यात कुकी हा शब्द आहे, आणि कोबीच्या कोशिंबिरीसाठीचा स्लॉ हा डच शब्दही आहे. आपण ऑफिसात ज्याला बॉस म्हणतो, तोही याच डच शेजाऱ्यांकडून आलेला.

म्हणजे गोड पदार्थाची जागा अमेरिकेत कुकीने घेतली. मग बिस्कीट हा शब्द रिकामा राहिला का? नाही. तो दुसऱ्याच पदार्थाला लागला. एकोणिसाव्या शतकात खाण्याचा सोडा आणि बेकिंग पावडर मिळायला लागल्यावर अमेरिकेत, विशेषतः दक्षिणेत, यीस्टशिवाय झटपट फुगणारे छोटे, मऊ पाव घरोघरी होऊ लागले. त्यांना बिस्कीट म्हणतात. ते गरम असतात, गोड नसतात, लोणी लावून खातात. नाश्त्याला त्यांच्यावर पांढरा रस्सा ओततात, आणि त्या रश्श्यात बहुतेक वेळा डुकराच्या मांसाचे तुकडे असतात.

आता विचार करा, मावशीच्या चिठ्ठीत मी लिहिलं होतं, सकाळी खोलीत चहा आणि बिस्किटं मिळतील. त्या दुसऱ्या बाईंनी मावशीला विचारलं, बिस्किटं किती वाजता गरम मिळतील? मावशीने पुडा पुढे केला. दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. हसण्यावारी गेलं. पण उलटं चित्र बघा. तुम्ही अमेरिकेतल्या हॉटेलात आहात, शाकाहारी आहात, आणि नाश्त्याच्या यादीत बिस्कीट वाचून निर्धास्तपणे मागवता. तिथे हसण्यावारी जाईलच असं नाही.

या जातीचा शब्द किती महागात पडू शकतो याचं एक मोठं उदाहरण आहे. डिसेंबर १९४१. पर्ल हार्बरवर हल्ला झाल्यावर अमेरिका युद्धात उतरली आणि चर्चिल वॉशिंग्टनला गेला. दोन्ही देशांचे सेनाधिकारी एका टेबलाशी बसले. चर्चिलने नंतर आपल्या युद्धाच्या आठवणींत लिहून ठेवलंय की ब्रिटिशांना एक कागद चर्चेला आणायचा होता, म्हणून त्यांनी तो टेबल करायचा आहे असं सांगितलं. अमेरिकन इंग्रजीत टेबल करणं म्हणजे विषय बाजूला ठेवणं, पुढे ढकलणं. त्यामुळे अमेरिकन अडून बसले, हा विषय महत्त्वाचा आहे, टेबल करायचा नाही! बराच वेळ कडाक्याचा वाद झाला, आणि मग लक्षात आलं की दोघांनाही तेच हवं आहे. दोघेही शिकलेले, दोघांची मातृभाषा इंग्रजी. आपल्या विधानसभेत कागदपत्रं "सभागृहाच्या पटलावर ठेवतात", ते चर्चिलच्या बाजूचं टेबल आहे. म्हणून तुम्ही ऑफिसच्या मेलमध्ये अमेरिकन क्लायंटला "आपण हा मुद्दा टेबल करू" असं लिहिलंत, तर तो मुद्दा यादीतून काढून टाकेल आणि तुम्ही मीटिंगमध्ये वाट बघत बसाल.

मग लिहायचं कसं? मी मावशीची चिठ्ठी कशी दुरुस्त केली ते सांगतो, म्हणजे पद्धत कळेल.

आधी मी प्रत्येक नाम वेगळं काढलं आणि एकच प्रश्न विचारला: हा शब्द दुसऱ्या देशात अनोळखी आहे, की ओळखीचा पण वेगळ्या अर्थाचा? हे ओळखायला चांगली इंग्रजी डिक्शनरी पुरते. शब्दाच्या शेजारी ब्रिटिश किंवा उत्तर अमेरिकन अशी खूण असते. एका शब्दाला दोन अर्थ आणि दोन अर्थांना दोन वेगळ्या खुणा दिसल्या, तर तो धोक्याचा शब्द. घाई असेल तर त्या शब्दाचे फोटो शोधा. दोन वेगळ्याच वस्तू दिसल्या तर समजा.

लिफ्ट अनोळखी वर्गातला निघाला. तिथे मी एलिव्हेटर ठेवलं, कारण तो दोन्हीकडे नक्की कळतो. लिफ्ट आणि एलिव्हेटर मध्ये तिरकी रेघ मारून दोन्ही लिहिलं असतं तरी चाललं असतं, पण एकदाच. प्रत्येक शब्दाला रेघा मारत बसलात तर चिठ्ठी वाचवत नाही.

फर्स्ट फ्लोअर धोक्याचा निघाला. इथे रेघ मारून काही उपयोग नाही, कारण दोन्हीकडे शब्द एकच आहे. अशा वेळी शब्द सोडून द्यायचा आणि वस्तूचं वर्णन करायचं. मी लिहिलं: रस्त्याच्या पातळीपासून एक मजला वर, एलिव्हेटरमध्ये १ आकड्याचं बटण दाबा, दारावर १०१ नंबर आहे. पण इथेही एक मेख आहे. अमेरिकेतल्या लिफ्टमध्ये १ हे बटण बहुधा प्रवेशाच्या मजल्याचंच असतं आणि बाहेर पडायच्या मजल्याच्या बटणाशेजारी चांदणी असते. मावशीच्या लिफ्टमध्ये तळमजल्याला शून्य आहे. म्हणून नुसतं बटण सांगून मी थांबलो नाही, "एक मजला वर" हे आधी लिहिलं.

बिस्कीटही धोक्याचं. त्याऐवजी लिहिलं: चहासोबत गोड, कुरकुरीत कुकीज, पुडा खोलीत ठेवलेला आहे. ब्रिटिश माणूस कुकी म्हटल्यावर चॉकलेटचे तुकडे घातलेली जाडसर कुकी डोळ्यांसमोर आणतो, कारण तो पदार्थ १९३० च्या दशकात अमेरिकेत जन्मला आणि नावासकट तिकडे गेला. पण "गोड, कुरकुरीत" म्हटल्यावर त्याचा फार अपेक्षाभंग होत नाही.

वीज गेली तर ड्रॉवरमध्ये टॉर्च आहे, असं एक वाक्य होतं. अमेरिकेत टॉर्च म्हणजे पेटती मशाल. पडदे असलेल्या खोलीत पाहुण्याने मशाल शोधू नये, म्हणून फ्लॅशलाइट केलं. केमिस्टचं दुकान कोपऱ्यावर आहे, हे वाक्यही होतं. अमेरिकेत केमिस्ट म्हणजे प्रयोगशाळेतला रसायनशास्त्रज्ञ. तिथे फार्मसी लिहिलं, जो दोन्हीकडे चालतो. असा दोन्हीकडे चालणारा तिसरा शब्द सापडला की आधी तोच घ्यायचा.

शेवटी तारीख. खोली सोडायची तारीख मी ०५/०८ अशी लिहायचो. आपण आणि ब्रिटिश ती ५ ऑगस्ट वाचतो, अमेरिकन माणूस ८ मे वाचतो. आता महिना अक्षरात लिहितो. हा बदल सगळ्यात सोपा आणि सगळ्यात जास्त पैसे वाचवणारा.

स्पेलिंगचं काय, असं तुम्ही विचाराल. कलर, सेंटर यांची अमेरिकन स्पेलिंगं रुजली ती मुख्यतः नोआ वेबस्टरमुळे. १८०६ चा त्याचा छोटा आणि १८२८ चा मोठा शब्दकोश, आणि त्याआधीपासून शाळाशाळांत गेलेली त्याची स्पेलिंगची पुस्तकं. त्याने विमेनचं स्पेलिंगही उच्चाराप्रमाणे बदलून पाहिलं होतं, ते लोकांनी घेतलं नाही. स्पेलिंगमुळे कोणी चुकीच्या दाराशी जात नाही, म्हणून तिथे एकच नियम: कुठलंही एक निवडा आणि शेवटपर्यंत तेच ठेवा. मोबाईलच्या कीबोर्डवर भाषा निवडताना ब्रिटन किंवा अमेरिका निवडता येतं. ते एकदा ठरवलं की भेळ होत नाही.

आणि हो, हे सगळं दोन्हीकडचे वाचक एकाच वेळी असतील तेव्हाचं. एकट्या लंडनच्या माणसाला लिहिताय तर बेधडक लिफ्ट आणि बिस्कीट लिहा. फर्स्ट फ्लोअरही लिहा, त्याला तो आपल्यासारखाच कळतो.

नवी चिठ्ठी गेली त्यानंतर तीन अमेरिकन पाहुणे आले, तिघेही थेट १०१ ला पोचले. आजोबांनी मात्र तळमजल्याच्या दारावर मराठीत पाटी लावली आहे: "मावशींचे पाहुणे वर." मी म्हटलं, आजोबा, ही त्यांना वाचता येणार नाही. ते म्हणाले, "त्यांच्यासाठी नाहीच. माझ्या समाधानासाठी आहे."

तुमचाही असा एखादा शब्द असेल, ज्याने मेलमध्ये किंवा परदेशात घोटाळा केला, तर व्हॉइस नोट पाठवा. पुढच्या भागात भेटू. तोपर्यंत, नमस्कार!